हँडिकॅपचा हिशेब

पुण्यातील एका गोल्फ क्लबाच्या मासिक स्पर्धेत पहिल्या टीवरून एकामागून एक निघणाऱ्या खेळाडूंकडे पाहिले, म्हणजे अनभिज्ञ प्रेक्षकालाही एक गोष्ट लगेच जाणवते : त्यांच्या कौशल्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोणी अठरा होल ७५ फटक्यांत संपवणारा, तर कोणी ९५ फटके घेऊनही संतुष्ट असणारा. आणि तरीही संध्याकाळी हे दोघे एकाच पारितोषिकाचे समान दावेदार असतात. हे ज्या आकड्यामुळे शक्य होते तो हँडिकॅप. एकूण फटक्यांतून तो वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ फटक्यांवर निकाल लावावा, एवढाच त्याचा व्यवहार. परंतु तो आकडा ठरतो कसा, हे पाहण्यासाठी मी या क्लबाच्या हँडिकॅप समितीच्या दफ्तरात पावसाळ्याचे काही रविवार बसलो, आणि माझी खात्री झाली, की या खेळातील न्यायबुद्धीचा कस हिरवळीपेक्षा त्या लहानशा खोलीत अधिक लागतो.

हिशेबाचा आरंभ खेळाडूपासून नव्हे, मैदानापासून होतो. कोर्स रेटिंग करणारे पथक प्रत्येक होलवर दोन काल्पनिक पुरुष खेळाडू उभे करते. पहिला स्क्रॅच खेळाडू. म्हणजे कोणत्याही मैदानावर ज्याला एकाही फटक्याची सवलत लागू नये असा. त्याचा टीवरचा फटका सुमारे २५० यार्ड जातो. दुसरा बोगी खेळाडू. ज्याला सुमारे वीस फटक्यांची सवलत लागते आणि ज्याचा चेंडू २०० यार्डांवर विसावतो. मग पथक त्या दोन ठिकाणी जाऊन उभे राहते आणि पाहते, की येथे फेअरवे किती रुंद आहे, बंकर किती जवळ आहे, झाडी कोठून आत शिरली आहे, पुढे पाणी ओलांडायचे झाल्यास चेंडू किती लांब उचलावा लागेल आणि ग्रीनचा उतार कसा आहे. चढउतार, वारा, समुद्रसपाटीपासूनची उंची व जमिनीवर चेंडूची होणारी घरंगळ या गोष्टी जमेस धरून होलची लांबीही दुरुस्त केली जाते. महिला खेळाडूंसाठी हीच मोजणी निराळ्या अंतरांनी आणि प्रत्येक टीसाठी स्वतंत्रपणे होते.

या परिश्रमातून दोन आकडे निघतात. स्क्रॅच खेळाडूने चांगल्या दिवशी किती फटक्यांत फेरी पूर्ण करावी, हा पहिला. त्याला कोर्स रेटिंग म्हणतात. बोगी खेळाडूने किती फटक्यांत ती पूर्ण करावी, हा दुसरा. आपण ज्या मैदानाचे उदाहरण घेऊ, तेथे पार ७२, पहिला आकडा ७१.२ आणि दुसरा ९५.० आहे असे धरू. दोहोंतील अंतर २३.८, त्याला पुरुषांसाठी ठरलेल्या ५.३८१ या गुणकाने गुणले की १२८ येतात. हा त्या मैदानाचा स्लोप. तो ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो, आणि ११३ हे प्रमाण मानले जाते.

स्लोप म्हणजे मैदानाची काठिण्यपातळी, असे क्लबातील पुष्कळ जुने सभासदही मानतात. ते अर्धसत्य आहे. मैदान सर्वांना कठीण असेल तर ती गोष्ट कोर्स रेटिंगमध्येच उमटते. स्लोप सांगतो तो एवढेच, की कुशल आणि सामान्य खेळाडूंमधील अंतर हे मैदान किती रुंदावते. टीपासून २१० यार्डांवर आडवा ओढा आहे अशी कल्पना करा. स्क्रॅच खेळाडूला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. बोगी खेळाडूचा मात्र चांगला बसलेला फटकादेखील त्यात जातो, म्हणून त्याला अलीकडेच थांबावे लागते आणि एक फटका वाढतो. असे ओढे, अशी झाडी जेथे फार, तेथे स्लोप मोठा. हा विचार पद्धतशीर मांडला तो अमेरिकन नौदलातील डीन नूथ यांनी, आणि १९८०च्या दशकात अमेरिकेने तो स्वीकारला. तोपर्यंत सोप्या मैदानावर कमावलेला १८ चा हँडिकॅप घेऊन गृहस्थ कठीण मैदानावर गेला, की त्याची ती पुंजी अपुरी पडे. आणि उलट दिशेने आलेला पाहुणा यजमानांची सारी पारितोषिके घेऊन जाई. जगातील सहा निरनिराळ्या पद्धती मोडून २०२० साली जी एकच जागतिक पद्धती आली, तिचा कणा हाच विचार आहे.

आता एक कार्ड हाती घेऊ. खेळाडूचा हँडिकॅप इंडेक्स १८.४. हा इंडेक्स कोणत्याही एका मैदानाचा नसतो. मैदानावर आले की तो तेथल्या स्लोपने गुणून ११३ ने भागावा लागतो आणि कोर्स रेटिंग व पार यांतील फरक त्यात मिळवावा लागतो. १८.४ चे या रीतीने २०.८ होतात, त्यांतून ०.८ वजा जाता राहिले २०. म्हणजे या गृहस्थांना प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड अशा दोन होलांवर प्रत्येकी दोन फटके मिळतात. त्यांनी त्या दिवशी एकूण ९७ फटके घेतले. परंतु त्यांतील दहा एकाच चार-पारच्या होलवर खर्ची पडले होते, कारण चेंडू झाडीत अडकला आणि तेथून बाहेर येण्याच्या हट्टात भर पडत गेली. हिशेबाच्या दृष्टीने अशा एका दुर्दैवी होलने संपूर्ण फेरीची साक्ष बिघडू नये, म्हणून पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारी सवलत, ही कमाल मर्यादा ठरलेली आहे. येथे ती चार, दोन आणि एक मिळून सात. दहाचे सात झाले आणि ९७ चे ९४. स्पर्धेच्या निकालात ९७ च राहतात. ९४ केवळ हँडिकॅपच्या नोंदवहीपुरते.

या ९४ मधून कोर्स रेटिंग ७१.२ वजा केले, उरले २२.८, त्यांना ११३ ने गुणून १२८ ने भागले, की २०.१ येतात. हे त्या फेरीचे डिफरन्शियल, म्हणजे तीच कामगिरी प्रमाण मैदानावर कशी दिसली असती याचे उत्तर. अशा शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, तोच इंडेक्स.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ समितीपुढे तक्रार घेऊन आले. "साहेब, सोसाट्याच्या वाऱ्यात मी एवढा बरा खेळलो, आणि माझा इंडेक्स १८.४ चा १८.९ झाला. हा कोणता न्याय?" समितीचे प्रमुख लष्करी लेखाखात्यातून निवृत्त झालेले, संगणकाने दिलेले उत्तरही कागदावर पुन्हा पडताळून पाहण्याचा त्यांचा शिरस्ता. त्यांनी वही पुढे ओढली. "तुमच्या उत्तम आठ फेऱ्या या : १६.३, १७.५, १७.९, १८.४, १८.८, १९.१, १९.४ आणि १९.८. यांतली १६.३ ची फेरी सर्वांत जुनी होती. कालची दाखल झाली तशी ती विसाच्या बाहेर गेली. तिच्या जागी कालचे २०.१ आले. बेरीज १४७.२ ची १५१ झाली, आठाने भागा." भागाकार १८.९ असाच आला. काल काही बिघडले नव्हते. एक जुना सुदिन मुदत संपून गेला होता, एवढेच.

वाऱ्याचे गाऱ्हाणेही निराधार नव्हते, पण त्याचा निर्णय समितीच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्या दिवशी त्या मैदानावर निदान आठ ग्राह्य कार्डे आली असतील, तर प्रत्येकाकडून अपेक्षित असलेली आणि प्रत्यक्ष झालेली कामगिरी यांची तुलना होते, आणि सर्वांचीच गुणसंख्या फार घसरली असेल तर एकापासून तीनपर्यंत फटके दुरुस्ती म्हणून मिळतात. सर्वच अपेक्षेपेक्षा फार चांगले खेळले असतील तर एक कापलाही जातो. दुरुस्ती एक आली असती, तर २०.१ चे १९.२ झाले असते आणि इंडेक्स १८.८ वर थांबला असता. परंतु इतरांची कार्डे त्या दिवशी नेहमीसारखीच होती, म्हणून दुरुस्ती शून्य.

त्या आठ आकड्यांकडे पुन्हा पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १८.४ किंवा त्याहून सरस अशा फेऱ्या विसांत केवळ चार. हँडिकॅप हा सरासरी खेळाचा आकडा नव्हे, सामर्थ्याचा आहे. म्हणून जो प्रामाणिक खेळाडू पाच फेऱ्यांपैकी एकदाच आपल्या हँडिकॅपला उतरतो, त्याने खिन्न होण्याचे काहीच कारण नाही. संशय घ्यायचा तो नेहमी उतरणाऱ्याचा.

पुढील मासिक स्पर्धेत हेच गृहस्थ आणि ४.२ इंडेक्सचे एक तरुण वकील समोरासमोर आले, असे धरू. वैयक्तिक स्ट्रोक प्ले स्पर्धेत, मैदानावरच्या हँडिकॅपचा शेकडा ९५ भाग देण्याची शिफारस आहे. कारण मोठ्या हँडिकॅपच्या खेळाडूंची गुणसंख्या अधिक हेलकावते, आणि मोठ्या मेळ्यात त्यांपैकी कोणा ना कोणाचा असामान्य दिवस उगवतोच. त्या हिशेबाने वकिलांना ४ आणि आपल्या गृहस्थांना २० फटके मिळतात, अंतर १६. हीच जोडी पार ७०, रेटिंग ६८.४ आणि स्लोप १०५ असलेल्या सोप्या मैदानावर खेळली, तर त्यांना अनुक्रमे २ आणि १५ मिळतात, अंतर १३. माणसे तीच, इंडेक्स तेच. पण जेथे दुर्बळाला मैदान कमी छळते तेथे त्याचे तीन फटके परत घेतले जातात. मला या साऱ्या पद्धतीत सर्वांत मनोज्ञ वाटला तो हा भाग.

तिचे मर्मस्थान मात्र उघडे आहे. आलेल्या कार्डांवरच सारा डोलारा उभा असल्याने, जो आपली चांगली कार्डे दाखलच करत नाही, त्याचा इंडेक्स फुगत जातो आणि पारितोषिकाच्या दिवशी तो फुगवटा कामी येतो. यावर काही बंध आहेत. गेल्या वर्षभरातील सर्वांत कमी इंडेक्सच्या वर तीनपेक्षा अधिक वाढ झाली, तर तीनपुढील वाढ निम्मीच धरली जाते, आणि पाचाच्या वर ती जाऊच शकत नाही. एखाद्या फेरीचे डिफरन्शियल इंडेक्सहून सात किंवा अधिक सरस आले तर इंडेक्स एकाने, दहा किंवा अधिक आले तर दोनाने तत्काळ उतरवला जातो. पण यंत्राच्या या नियमांतून निसटणारा चतुर मनुष्य असतोच. त्याच्यासाठी प्रमुखांच्या वहीत दोन स्तंभ आहेत : एकात स्पर्धेतील डिफरन्शियले, दुसऱ्यात एरवीच्या खेळातील. बहुतेकांचे दोन्ही स्तंभ जवळपास सारखे असतात. स्पर्धेच्या दडपणाने पहिला किंचित वाईटच असतो. एका सभासदाचा दुसरा स्तंभ २१ ते २५ या आकड्यांनी भरलेला आणि पहिल्यात १४, १५, १४ असे लिहिलेले मी पाहिले. प्रमुखांनी त्याच्यापुढे टीच्या वेळांची नोंदवही उघडली. तो खेळायला उतरला होता पण ज्यांची कार्डे आली नव्हती, अशा तारखांवर लाल खुणा केल्या, आणि त्याला लेखी कैफियत देण्यास सांगितले. ती समाधानकारक नसेल तर इंडेक्स उतरवण्याचा अधिकार समितीला आहे. पुढच्या बैठकीत तो वापरला गेला.