रिकामी क्रेन मागे झुकते

टॉवर क्रेन रिकामी उभी असताना तिच्या मास्टकडे थिओडोलाइट लावून पाहिलं, तर मास्ट ओळंब्यात दिसत नाही. वरचं टोक किंचित मागे, म्हणजे काँक्रीटचे ब्लॉक टांगलेल्या बाजूला कललेलं असतं. मग हूक सळयांचा भारा उचलतो, ट्रॉली जिबवरून टोकाकडे सरकते आणि तेच वरचं टोक हळूहळू पुढे येतं. दुर्बिणीतल्या उभ्या रेषेवरून पलीकडे जातं आणि तेवढंच पुढच्या बाजूला झुकून थांबतं. बालेवाडीच्या एका बांधकामावर मी हे तास न् तास पाहिलं. काउंटरवेट म्हणजे मालाला तोलून धरणारं वजन, ही समजूत तिथे कायमची गेली. माल रोज वेगळा आणि त्याचं अंतरही वेगळं, पण मागचे ब्लॉक मात्र तेवढेच आणि तिथेच. तोल दोन्ही वेळा ढळलेलाच असतो. कौशल्य आहे ते त्याला दोन्हीकडे सारखाच ढळू देण्यात.

हिशेब समजायला मध्यम आकाराची एक क्रेन घेऊ. आकडे सोपे पडावेत म्हणून पूर्णांकात धरले आहेत. खऱ्या क्रेनचे आकडे तिच्या पुस्तिकेतूनच घ्यायचे. 50 मीटर लांबीचा जिब सहा टनांचा, त्याचा गुरुत्वमध्य मास्टपासून 22 मीटरवर. म्हणजे पुढे ओढणारा आघूर्ण 132 टन-मीटर. मागे विंचसह पाच टनांचा काउंटर जिब, त्याचा गुरुत्वमध्य सात मीटरवर, म्हणून 35 टन-मीटर. त्याच्या टोकाला, 12 मीटरवर, 14 टनांचे ब्लॉक, म्हणजे 168. मास्टच्या तळाभोवती सगळी बेरीज केली की मागच्या बाजूचे 203, पुढचे 132. रिकाम्या क्रेनचा मास्ट 71 टन-मीटरने मागे वाकलेला आहे.

आता माल. ट्रॉली आणि हूक-ब्लॉक मिळून अर्धा टन होतो आणि तो मालासोबतच पुढे जातो, म्हणून मालात तो मिळवूनच अंतराने गुणायचं. हा गुणाकार 140 टन-मीटरपर्यंत चालेल असं ठरवलं, तर 140 मधून 71 गेले आणि मास्ट पुढच्या बाजूला 69 टन-मीटरने वाकला. मागे 71, पुढे 69. मालाचा सगळा आघूर्ण मास्टवर एकाच बाजूने आला असता तर मास्ट जवळपास दुप्पट ताकदीचा लागला असता. ब्लॉकनी त्या आघूर्णाचे दोन भाग केले, अर्धा माल नसताना सोसायचा आणि अर्धा माल असताना.

ऑपरेटरच्या केबिनमध्ये लावलेला लोड चार्ट याच गुणाकारातून येतो. 50 मीटरवर 140 भागिले 50 म्हणजे 2.8 टन, त्यातून हूकचा अर्धा टन गेला की माल 2.3 टन. 35 मीटरवर 3.5 टन, 20 मीटरवर साडेसहा टन. आणखी आत यावं तर आकडा वाढत जायला हवा, पण साधारण साडेसोळा मीटरच्या आत चार्ट आठ टनांवर सपाट होतो. तिथे हिशेब मास्टचा राहत नाही, दोराचा आणि विंचचा होतो. म्हणून चार्टवर दोन मर्यादा एकमेकींना भेटतात, आणि अनुभवी ऑपरेटरला ते अंतर पाठ असतं. त्याच्या आत तो मालाचं वजन विचारतो आणि बाहेर गेला की वजन आणि मीटर दोन्ही.

लोकांना चार्टची वरची मर्यादा माहीत असते. खालची मर्यादा फारशी कुणाच्या डोक्यात नसते, कारण नीट उभारलेल्या क्रेनवर ती शून्याच्याही खाली गेलेली असते आणि दिसतच नाही. आपल्या मास्टला, वाऱ्यासाठीची राखीव ताकद बाजूला ठेवून, 75 टन-मीटर सोसतात असं धरू. कुणी ‘जास्त वजन म्हणजे जास्त सुरक्षित’ म्हणून मागे 14 ऐवजी 17 टन टांगले, तर रिकाम्या क्रेनचा मागचा आघूर्ण 107 होतो. आता हूकवर निदान 32 टन-मीटर असल्याशिवाय मास्ट मर्यादेत येतच नाही. माल उतरवला की क्रेन धोक्यात! उलट 13 टनच टांगले तर पूर्ण मालाला पुढचा आघूर्ण 81 वर जातो. दोन्ही समीकरणं सोडवली की काउंटरवेटला सुरक्षित पट्टा मिळतो फक्त साडेतेरा ते 14.3 टनांचा, एका टनाहूनही अरुंद. म्हणून ब्लॉक वजन करून, आकडा रंगवून येतात. जागेवर ओतलेला, वजन न केलेला ब्लॉक मी कुठेही स्वीकारणार नाही. जिब 50 ऐवजी 40 मीटरचा लावला तरी मागचे ब्लॉक बदलतात, ते याच कारणाने.

ही खालची मर्यादा उभारणीच्या दिवशी मात्र ढळढळीत समोर येते. मास्ट उभा राहिला, केबिन चढली, मोबाइल क्रेनने काउंटर जिब लावला. मागे 35. आता जमिनीवर जोडून ठेवलेला जिब चढवावा, तर 132 वजा 35, पुढे 97. मर्यादेबाहेर. आधी सगळे ब्लॉक टांगावेत, तर मागे 203, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. आपले 14 टन 2.8 टनांच्या पाच ब्लॉकमध्ये आहेत. त्यातला एकच आधी टांगला तर मागे 35 अधिक 33.6, म्हणजे 68.6. चालेल. त्यावर जिब चढवला की पुढे 63.4. तेही चालेल. मग उरलेले चार ब्लॉक, आणि आपण मागच्या 71 वर पोहोचतो. आधी दोन ब्लॉक टांगले असते तर मागे 102 झाले असते. क्रेन उतरवताना हाच क्रम उलटा. पुस्तिकेत ‘जिबआधी एक ब्लॉक’ अशी एक ओळ असते. फिटर मंडळी ती काटेकोर पाळतात आणि त्या एका ओळीमागे एवढं गणित उभं असतं.

तोल खरोखर शून्यावर आणावा लागतो असा एकच प्रसंग, मास्टची उंची वाढवण्याचा. मास्टभोवती एक पिंजरा असतो. त्यातला हायड्रॉलिक जॅक क्रेनचा वरचा सगळा भाग उचलून धरतो, तयार झालेल्या पोकळीत समोरच्या रुळावरून नवा मास्ट-सेक्शन आत ढकलायचा आणि पिना ठोकायच्या. तेवढा वेळ वरचे पस्तीसेक टन मास्टला जोडलेले नसतात. पिंजऱ्याच्या मार्गदर्शक रोलरांवर ते फक्त टेकलेले असतात. 71 टन-मीटर तसेच ठेवून पिना काढल्या, तर एका बाजूचे रोलर मास्टच्या पायांत रुततील, पिंजरा वेडावाकडा होईल.

म्हणून हूकला एक जादा सेक्शन टांगतात. आपल्या हिशेबात त्याचं वजन दोन टन, हूकसह अडीच. 71 भागिले अडीच, म्हणजे ट्रॉली 28.4 मीटरवर नेली की तोल साधायला हवा. प्रत्यक्षात आत सरकवायचा दुसरा सेक्शन समोरच्या रुळावर आधीच लटकतोय. दोन टन, दोन मीटरवर, म्हणजे आणखी चार टन-मीटर पुढे. उरले 67, अंतर 26.8 मीटर. पण शेवटचा निर्णय आकडा देत नाही. पिंजऱ्याच्या फळीवर दोघेजण समोरासमोर बसतात आणि रोलर व मास्टचा पाय यांच्यातल्या फटीवर नजर ठेवतात. मी गेलो तेव्हा मागच्या बाजूचा फिटर वॉकीटॉकीवर सांगत होता, “भैया, थोडा बाहर... और थोडा... बस!” ट्रॉली वीतभर सरकली आणि इकडची फट तिकडच्या फटीएवढी झाली. मग त्याने पिनेवर हातोडी टेकवली. तोल साधला असेल तर पीन दोन हलक्या टोल्यांत निघते. ती अडकून बसली, तर मोठा हातोडा मागवायचा नाही. तो तोल चुकल्याचा इशारा असतो. तिथून सेक्शन बसेपर्यंत क्रेन फिरवायची नाही, माल वर-खाली करायचा नाही, ट्रॉलीला हात लावायचा नाही.

हे सगळे टन-मीटर शेवटी पायात उतरतात. पाया म्हणजे 6 बाय 6 मीटरचा, सव्वा मीटर जाडीचा काँक्रीटचा ठोकळा. 45 घनमीटर, सुमारे 108 टन. वरची क्रेन 55 टन. एकूण 163. मागचे 71 टन-मीटर 163 ने भागले की 0.44 मीटर येतात. सगळ्या वजनाची रेषा ठोकळ्याच्या मध्यापासून एवढीच सरकते. मध्यापासून एक मीटरच्या आत ती असेपर्यंत ठोकळ्याचा पूर्ण तळ जमिनीला दाबून असतो. एक मीटरच्या पुढे समोरची कड सुटू लागते, तीन मीटरला क्रेन उलथते. मालाच्या हिशेबात हा ठोकळा निवांत आहे. त्याचं आकारमान माल ठरवत नाही, वादळ ठरवतं.

क्रेन फिरते तेव्हा हा 70 टन-मीटरचा ताणही तळाच्या चारही पायांवरून फिरत जातो. ज्या पायावर आत्ता दाब आहे त्याच्यावर अर्ध्या फेरीनंतर ओढ येते, दिवसभर, शेकडो वेळा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात 16 नोव्हेंबर 2006 रोजी एक टॉवर क्रेन कोसळून शेजारच्या इमारतीतल्या एका रहिवाशाचा मृत्यू झाला. ती नेहमीच्या काँक्रीटच्या पायाऐवजी पोलादी तुळयांच्या चौकटीवर उभी होती, आणि राज्याच्या तपासात त्या आधाराचं डिझाइनच अपुरं असल्याचं निघालं.

वादळाचा आघूर्ण आपल्या क्रेनला 200 टन-मीटर धरू. काम संपल्यावर ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतो, म्हणजे जिब पवनदिशादर्शकासारखा वाऱ्याच्या दिशेने वळतो. वारा मग क्रेनला जिबच्या बाजूला ढकलतो आणि रिकाम्या क्रेनचा मागचा 71 त्याच्या विरुद्ध काम करतो. उरतात 129, रेषा 0.79 मीटरवर, पूर्ण तळ जमिनीवर. ब्रेक आवळलेला राहिला आणि वारा समोरून आला, तर 200 आणि 71 एकाच बाजूला जमतात. 271 भागिले 163, म्हणजे 1.66 मीटर. ठोकळ्याचा सुमारे दोन मीटरचा पट्टा जमिनीवरून सुटतो आणि मागच्या कडेखाली सरासरीच्या तिप्पट दाब येतो. बाजूने आलेल्या वाऱ्याला जिबची सगळी लांबी सापडते, ते तर याहून वाईट. ओव्हरलोडचा लिमिट स्विच यातलं काहीच ओळखत नाही. तो हूकवरचा माल मोजतो आणि त्या वेळी हूक रिकामा असतो. म्हणून संध्याकाळी ऑपरेटर खाली उतरला की सुपरवायझरने दोन गोष्टी विचाराव्यात. हूक वर आणि ट्रॉली पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आहे का? आणि ब्रेक खरोखर मोकळा आहे का? दुसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नये. वारा सुटला की जिब वळतो का, ते खालून उभं राहून पाहावं.