पाऊस पडला, तरी म्हैस धापा का टाकते?

मृगाच्या सरीनंतर ऊन कमी होते, पण सेलूत आम्हाला म्हशीचे दूध याच दमट दिवसांत घटताना दिसते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी. दमट हवेत अंगावरचे पाणीही लवकर वाळत नाही, म्हणून उष्णता आतच राहते.

सावलीत उभ्या म्हशीच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजा. श्वास 60 च्या वर गेले, तर तिला त्रास होतो आहे. दूध एक-दोन दिवसांनी घटते. श्वास आधी सांगतो.

बंद गोठ्यात पाणी मारल्यास दमटपणा वाढतो. झाडाखाली, वाऱ्यावर बांधून अंग भिजवा. दुभत्या म्हशीला दिवसाला 70-80 लिटर पाणी लागते. ते सतत समोर असावे. वैरण पहाटे व रात्री घाला. तोंड उघडून लाळ गाळू लागली, तर लगेच पशुवैद्यकांना बोलवा.