कानाच्या मशीनचा पाच वर्षांचा हिशेब

कानाचं मशीन घ्यायला निघालेल्या घरात पहिली चौकशी होते ती किमतीची. उत्तरं चक्रावून टाकणारी असतात. मोबाइलवर हजार-दीड हजारात मशीन दिसतं, तर क्लिनिकमधला माणूस जोडीचे दोन लाख सांगतो. मग कुणाला वाटतं क्लिनिकवाला लुटतोय, कुणाला वाटतं महागातलंच घ्यावं. खरं तर हे दोन आकडे एका वस्तूचे नाहीतच.

हजारातलं मशीन बहुधा नुसतं ध्वनिवर्धक असतं. वयोमानाने कान जातात तेव्हा सहसा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. भारदस्त आवाज, पंख्याची घरघर, रिक्षाचं इंजिन नीट ऐकू येतं. पण ‘स’, ‘त’, ‘ठ’, ‘फ’ अशी बारीक व्यंजनं निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘‘ऐकू येतंय रे, कळत नाही.’’ भाजीवाला ‘सात’ म्हणाला की ‘साठ’, यावर घोळ होतो. ध्वनिवर्धक सगळंच मोठं करतं, त्यामुळे भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो आणि ‘सात-साठ’चा घोळ तसाच राहतो. खरं श्रवणयंत्र त्या माणसाच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं याच्या आलेखावर, बसवलेलं असतं. जिथे कमी आहे तिथेच ते वाढवतं आणि मोठा आवाज आला की स्वतःला आवरतं.

त्यामुळे ऑनलाइन घ्यावं की नाही, यापेक्षा मशीन ऑडिओग्रामवर कोण बसवून देणार, हे विचारणं जास्त कामाचं. काही ऑनलाइन विक्रेते ऑडिओलॉजिस्ट घरी पाठवतात किंवा दुरून अ‍ॅपवर सेटिंग करतात. तो व्यवहार वावगा नाही. मात्र जाहिरातीत तपासणीचा उल्लेखच नसेल आणि मशीनला फक्त आवाज कमी-जास्त करायचं चाक असेल, तर ते काय आहे हे ओळखावं. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेल्या मशीनचं वेगळंच. तिथे ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम बहिरेपण जाणवणाऱ्या प्रौढांना तपासणीशिवाय दुकानातून यंत्र घेता येतं. पण तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि इथल्या क्लिनिकमधल्या सॉफ्टवेअरला ते यंत्र उघडेलच असंही नाही. मुळात एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, कान वाहत किंवा दुखत असेल, तर मशीनच्या आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठायला हवेत, तेही लगेच.

ट्रायलच्या बाबतीत बरेच जण फसतात ते बंद खोलीत. क्लिनिकच्या शांत केबिनमध्ये समोर बसलेल्या ऑडिओलॉजिस्टचं बोलणं साध्या मशीनमधूनही छान कळतं. खरी परीक्षा स्वयंपाकघरात असते: कुकरची शिट्टी, चालू नळ, मागे टीव्ही आणि पाठमोरी सून काहीतरी विचारतेय. म्हणून ट्रायल घरी मागावी. काही क्लिनिकं अनामत घेऊन आठवडा-दोन आठवडे मशीन देतात. अनामत परत मिळते की दुसऱ्या मॉडेलमध्येच वळती होते, कापून किती घेतात, हे पावतीवर लिहून घ्यावं. कानाच्या मापाचा साचा काढून बनवलेलं, आत बसणारं मशीन सहसा परत घेत नाहीत, कारण ते दुसऱ्या कुणाला बसतच नाही.

पहिल्या दिवसांत स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं. यातलं बरंचसं सवयीने कमी होतं. मात्र मशीन सतत शिट्टी मारत असेल तर कानातला डोम नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. मोठ्या आवाजाने कान दुखत असेल तर सेटिंग चुकलं आहे. हे सोसायचं नसतं, सांगायचं असतं. कुठे काय कळलं नाही याच्या दोन ओळी रोज लिहून नेल्या, तर ऑडिओलॉजिस्टला नेमकी पट्टी हलवता येते.

वॉरंटी कंपनी आणि मॉडेलप्रमाणे बदलते. ती प्रामुख्याने कारखान्यातल्या दोषाची असते. हरवलं, पाण्यात पडलं, कुत्र्याने चावलं यांचा त्यात सहसा समावेश नसतो. आणि आपल्याकडे मशीन बिघडतं ते बहुधा घाम, पावसाळी दमटपणा आणि मळ यांमुळे. कानामागे बसणाऱ्या अनेक मशीनचा छोटा स्पीकर, म्हणजे रिसीव्हर, तारेच्या टोकाला कानात असतो. मळ आधी तिथेच जातो. म्हणून त्याच्या वॉरंटीची मुदत वेगळी विचारावी. बिलावर दोन्ही मशीनचे सीरियल नंबर हवेतच. नुसतं ‘हिअरिंग एड, २ नग’ लिहिलेलं बिल पुढे उपयोगी पडत नाही.

आता सेल. झिंक-एअर सेलवर रंगीत चिकटपट्टी असते: १० नंबरला पिवळी, ३१२ला तपकिरी, १३ला नारिंगी, ६७५ला निळी. पट्टी काढली की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. दोन-चार मिनिटं थांबून मग तो बसवायचा. पट्टी पुन्हा चिकटवून आयुष्य वाचत नाही. आकार जितका लहान, तितके दिवस कमी. बोटं थरथरत असतील तर दर आठवड्याला तो इवलासा सेल बदलणं ही शिक्षाच. त्यांच्यासाठी चार्जिंगचं मशीन सोयीचं: रात्री डबीत ठेवलं की दिवसभर चालतं. पण आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांत दमते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ती कंपनीकडूनच बदलावी लागते. जिथे वीज जाते-येते तिथे सेलवालं अजूनही भरवशाचं.

हिशेब उदाहरणानेच मांडलेला बरा. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी साठ हजारांची, ३१२ सेलवर चालणारी जोडी घेतली असं धरू. पुढचे आकडेही अंदाजाचेच. सेल आठवडाभर टिकला तर दोन कानांना वर्षाला १०४ सेल, म्हणजे सहाच्या साधारण १८ पट्ट्या. पट्टी अडीचशेची धरली तर वर्षाला साडेचार हजार, पाच वर्षांत साडेबावीस हजार. डोम आणि मळाच्या जाळ्या वर्षाला दीड हजार, म्हणजे साडेसात हजार. रात्री मशीन सुकवायच्या डबीतल्या गोळ्या पाच वर्षांत दीड हजार. वॉरंटीनंतर एक रिसीव्हर सहा हजार आणि शेवटच्या तीन वर्षांत सेटिंगच्या फेऱ्या तीन हजार. बेरीज साडेचाळीस हजार. म्हणजे साठ हजारांचं मशीन पाच वर्षांत एक लाखाच्या वर जातं, महिन्याला जवळपास पावणेसतराशे. चार्जिंगवाली जोडी पंधरा हजारांनी महाग असेल आणि मध्ये बॅटरी बदलायला दहा हजार लागले, तरी सेलचे साडेबावीस हजार वाचतात. फरक उरतो अडीच हजारांचा. म्हणजे निवड पैशांपेक्षा बोटांवर आणि विजेवर करावी.

हा खर्च झेपणार नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्यांना श्रवणयंत्र मिळू शकतं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीही होते. तिथे जाताना आधीचे ऑडिओग्राम, दाखला आणि उत्पन्नाची कागदपत्रं एकाच पिशवीत न्यावीत, आणि मशीन मिळालं तरी सेल पुढे स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतील हे धरून चालावं.