मृत्युपत्रानंतर घेतलेली मालमत्ता कोणाची?

मृत्युपत्र अमलात येते ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर. सही आणि मृत्यू यांमध्ये कधी वीस-पंचवीस वर्षे जातात. तेवढ्या काळात घर विकले जाते, प्लॉट घेतला जातो, ठेवी वाढतात. या नव्या मालमत्तेला जुने मृत्युपत्र लागू होते का, हे त्यातील वर्णनाच्या शब्दांवर ठरते.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 90 नुसार, मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसेल, तर त्यातील मालमत्तेचे वर्णन मृत्यूच्या दिवशीच्या मालमत्तेला लावून पाहायचे असते. हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही हे कलम लागू आहे. त्यामुळे ‘माझ्या बँकेतील सर्व ठेवी’ म्हणजे मृत्यूच्या दिवशी असलेल्या ठेवी, मग त्या सहीनंतर का ठेवलेल्या असेनात. मात्र ‘आज रोजी माझ्या नावावर असलेल्या ठेवी’ असे लिहिले, तर तारीख गोठते आणि नंतरची रक्कम बाहेर राहण्याचा धोका निर्माण होतो. वर्णन जितके नेमके, तितके ते जुन्या वस्तूला चिकटून बसते.

समजा, ठाण्यातील एका निवृत्त शिक्षकांनी 2012 मध्ये मृत्युपत्र केले. ठाण्याची सदनिका, इमारतीचे नाव आणि क्रमांकासह, पत्नीला दिली आणि बँकेतील सर्व ठेवी मुलगा व मुलगी यांना निम्म्या-निम्म्या दिल्या. बाकी काही लिहिले नाही. 2018 मध्ये त्यांनी साताऱ्याजवळ 30 लाखांचा प्लॉट घेतला. 2020 मध्ये ठाण्याची सदनिका विकून पुण्यात दुसरी घेतली. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. आई आधीच वारली होती.

ठेवींचा प्रश्न सरळ सुटतो. 2012 मध्ये 5 लाख असलेली रक्कम 18 लाख झाली असली, तरी दोन्ही मुलांना 9-9 लाख मिळतात. प्लॉट मात्र मृत्युपत्रातील कोणत्याच वर्णनात बसत नाही. तो हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याकडे समान वाट्याने जातो, म्हणजे आज तेवढीच किंमत धरली तर प्रत्येकी 10 लाख. तो विकायचा तर तिघांच्याही सह्या लागतात.

पत्नीचे नुकसान सर्वांत मोठे. तिला दिलेली ठाण्याची सदनिका मृत्यूच्या वेळी शिक्षकांच्या मालकीचीच नव्हती. विशिष्ट म्हणून दिलेली वस्तू अशी निघून गेली की ती देणगी रद्द होते, असे कलम 152 सांगते. विक्रीच्या पैशांतून घेतलेले पुण्याचे घर आपोआप तिची जागा घेत नाही, म्हणून तेही तिघांत वाटले जाते. ज्या घरात तिने एकटीने निर्धास्त राहावे अशी इच्छा होती, त्याचा एक तृतीयांश तिच्या हाती येतो. शिक्षकांचा हेतू अजिबात बदललेला नव्हता, हे यातले सर्वांत क्लेशदायक.

दोन वाक्यांनी हे टळले असते. पहिले घराबाबत: ‘माझी ठाणे येथील सदनिका, किंवा तिच्याऐवजी माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीचे जे राहते घर असेल ते, मी माझ्या पत्नीला देत आहे.’ दुसरे सर्वांत शेवटी: ‘वर स्वतंत्रपणे दिलेल्या मिळकतींखेरीज, आज माझ्या मालकीची असलेली अथवा यापुढे मी संपादन करीन ती, माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची असलेली सर्व स्थावर व जंगम मिळकत, ती कोठेही असो, मी माझ्या पत्नीला देत आहे, ती माझ्या आधी वारल्यास माझ्या मुलामुलींना समान वाट्याने देत आहे.’

हे दुसरे वाक्य म्हणजे उर्वरित मिळकतीची तरतूद. इतरत्र न दिलेले सर्व, आणि रद्द ठरलेल्या देणग्यांतून मोकळे झालेलेही, कलम 103 नुसार या तरतुदीतील व्यक्तीला मिळते. ‘स्थावर व जंगम’ दोन्ही शब्द हवेतच. ‘उर्वरित जंगम मिळकत’ लिहिल्यास प्लॉट निसटतो. ‘दागिने, भांडी, सामान वगैरे बाकी सर्व’ असे लिहिणे तर अधिकच धोक्याचे, कारण तेथे ‘सर्व’ म्हणजे फक्त घरातल्या वस्तू, असा अर्थ कोणी लावू शकतो. पर्यायी नाव दिले नाही आणि पहिली व्यक्ती आधी वारली, तर ही मिळकतही पुन्हा वारसांत वाटली जाण्याची वेळ येऊ शकते. ठेवीचा पावती क्रमांक लिहिणेही टाळावे. नूतनीकरणात तो बदलला की वाद उभा राहतो.

अर्थात, कितीही व्यापक शब्द वापरले तरी मृत्युपत्रातून स्वतःचाच हक्क देता येतो. पत्नीच्या जोडीने घेतलेल्या घरातला फक्त आपला हिस्सा जातो. मुस्लिम व्यक्तींना वरील कलमे लागू नाहीत, आणि गोव्यात वारसाहक्काचा कायदाच वेगळा आहे.

जुन्या मृत्युपत्रात ही तरतूद नसेल, तर सगळे नव्याने लिहावे लागत नाही. पुरवणी मृत्युपत्र पुरते. मात्र त्यावरही मूळ मृत्युपत्रासारखीच सही आणि दोन साक्षीदार लागतात. जुन्या कागदाच्या समासात पेनाने घातलेली ओळ, तशी सही आणि साक्ष नसेल तर, ग्राह्य धरली जात नाही.