दहा डेसिबलची खरखर, मोजून मापून

फोनवरचं बोलणं स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर असो, श्रवणयंत्रातली चिप असो किंवा रेडिओ संदेशातली शिट्टी ओळखणारा प्रोग्रॅम असो, तो किती खरखरीत टिकतो हे ठरवायला एक असा आवाज लागतो ज्याच्याबद्दल सगळं आधीच ठाऊक आहे. रस्त्यावर रेकॉर्ड केलेला आवाज इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात मूळ आवाज किती आणि गोंगाट किती हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अभियंते असा आवाज स्वतः तयार करतात. एक शुद्ध सूर घेतात, त्यात ठरवून, मोजून खरखर मिसळतात आणि त्या फाइलवर ‘१० डेसिबल’ अशी चिठ्ठी लावतात. पुढच्या सगळ्या चाचण्या या चिठ्ठीच्या भरवशावर होतात. ती चुकीची असेल तर चांगलं यंत्र नापास होतं आणि वाईट यंत्र पास. त्यामुळे असा आवाज बनवण्यापेक्षा तो खरोखर सांगितला तसाच बनलाय का हे तपासणं मला जास्त मोलाचं काम वाटतं.

आधी मोजमाप समजून घेऊ. सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर शक्तीत मोजतात. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. त्यातल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची सरासरी काढायची, की ती त्या आवाजाची शक्ती. सिग्नलच्या शक्तीला नॉइजच्या शक्तीने भागायचं, भागाकाराचा लॉगरिदम घ्यायचा आणि १० ने गुणायचं. उत्तर डेसिबलमध्ये येतं. नॉइजच्या दहापट शक्ती असेल तर १० डेसिबल, शंभरपट असेल तर २०, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य.

आता पायथनमध्ये एक सेकंदाचा सूर तयार करू. वारंवारता १००० हर्ट्झ, म्हणजे ध्वनियंत्रणा जुळवताना नेहमी वापरतात तोच सूर. दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल.

```python
import numpy as np
fs, f, A, snr_db = 48000, 1000, 0.4, 10
t = np.arange(fs) / fs
s = A * np.sin(2 * np.pi * f * t)
Ps = np.mean(s**2)
Pn = Ps / 10**(snr_db / 10)
rng = np.random.default_rng(7)
n = rng.normal(0, np.sqrt(Pn), len(s))
x = s + n
```

`s` हा सूर, `n` ही खरखर आणि `x` हे मिश्रण. सुराची उंची पूर्ण १ न ठेवता ०.४ ठेवली आहे, कारण खरखर मिसळल्यावर आकडे १ च्या पलीकडे गेले तर ध्वनिफाइलमध्ये लाटेचे शेंडे छाटले जातात आणि मग मिश्रणात आपण न घातलेली एक तिसरीच विकृती शिरते. खरखर `normal` या फंक्शनमधून येते, म्हणजे तिचे आकडे घंटेच्या आकाराच्या वितरणातून उचललेले असतात. ही निवड मनाला येईल तशी केलेली नाही. विजेच्या कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची जी धावपळ चालते, तिच्यातून उपजणारी खरखर नेमकी अशीच असते. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघांचेही लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले.

हे आकडे कागदावर काढता येतात, आणि ते काढूनच ठेवावेत. साइन लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या निम्मी असते, म्हणजे ०.४ चा वर्ग ०.१६ आणि त्याचं निम्मं ०.०८. दहा डेसिबल हवे असतील तर नॉइजची शक्ती दहावा भाग, म्हणजे ०.००८. तिचं वर्गमूळ साधारण ०.०८९४. हेच खरखरीचं प्रमाण विचलन, आणि `normal` ला द्यायचा आकडाही हाच.

यातलं वर्गमूळ विसरणं ही फार सहज घडणारी चूक आहे. `normal` ला शक्तीऐवजी विचलन लागतं हे लक्षात न घेता सरळ ०.००८ दिलं, तर नॉइज इतका क्षीण होतो की १० डेसिबलऐवजी जवळजवळ ३१ डेसिबल मिळतात. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता चालतो.

सुदैवाने ही चूक पहिल्याच तपासणीत सापडते. सूर आणि खरखर आपल्याकडे अजून वेगवेगळे आहेत, तेव्हा दोघांची शक्ती मोजून भागाकार करायचा:

```python
print(10 * np.log10(np.mean(s**2) / np.mean(n**2)))
```

उत्तर नेमकं १० येणार नाही. खरखर यादृच्छिक आहे. तिची ठरवलेली शक्ती ०.००८ असली तरी प्रत्यक्ष उचललेल्या ४८,००० आकड्यांची शक्ती तिच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे पडते. किती अलीकडे-पलीकडे, हेही आधी सांगता येतं. शक्तीतला सापेक्ष फरक साधारण दोन भागिले सॅम्पलसंख्या याच्या वर्गमुळाइतका असतो. आपल्या एका सेकंदासाठी तो ०.६५ टक्के, म्हणजे ०.०३ डेसिबलच्या आसपास येतो. म्हणून ९.९५ किंवा १०.०४ असं काही दिसलं तर सगळं ठीक आहे, आणि ९.५ दिसलं तर कुठेतरी गडबड आहे. पण आवाज फक्त १० मिलिसेकंदांचा असेल तर सॅम्पल ४८० च उरतात आणि हाच डोलारा ०.२८ डेसिबलपर्यंत वाढतो. मग ९.५ पाहून लगेच घाबरायचं कारण नाही. किती फरक चालेल हे उत्तर पाहायच्या आधी ठरवलेलं असावं, नाहीतर जे उत्तर येईल ते ‘जवळपास बरोबर’ वाटायला लागतं.

ही तपासणी एका जागी मात्र आंधळी आहे. डेसिबलच्या सूत्रात कधी १० असतात तर कधी २०. शक्तीसाठी १०, लाटेच्या उंचीसाठी २०. समजा वरच्या कोडमध्ये कुणी शक्तीच्या सूत्रात `snr_db / 20` लिहिलं. नॉइजची शक्ती ०.०२५३ होईल आणि खरं गुणोत्तर फक्त ५ डेसिबल असेल. आता त्याच माणसाने, त्याच समजुतीने, तपासणीतही `20 * np.log10` लिहिलं तर पडद्यावर काय उमटेल? दहा. दोन चुकांनी एकमेकींना झाकून टाकलं. तपासणी बनवण्याच्याच वाटेने उलटी चालत आली, म्हणून तिला खड्डा दिसलाच नाही. इथे कागदावरचे आकडे उपयोगी पडतात. `np.std(n)` छापून पाहिलं की ०.०८९ च्या जागी ०.१५९ दिसतं आणि गोष्ट उघडी पडते.

म्हणून दुसरी तपासणी वेगळ्या वाटेने करावी. `s` आणि `n` आपल्याकडे नाहीतच असं धरायचं. हातात फक्त मिश्रण आहे आणि त्यात १००० हर्ट्झचा सूर आहे एवढंच ठाऊक आहे. मिश्रणात सर्वांत चपखल बसणारी त्या वारंवारतेची लाट किमान वर्ग पद्धतीने शोधायची, ती वजा करायची आणि उरेल त्याला खरखर म्हणायचं.

```python
w = 2 * np.pi * f * t
M = np.column_stack([np.sin(w), np.cos(w)])
c, *_ = np.linalg.lstsq(M, x, rcond=None)
s2 = M @ c
r = x - s2
print(10 * np.log10(np.mean(s2**2) / np.mean(r**2)))
```

हे उत्तर पहिल्या तपासणीशी डेसिबलच्या शंभराव्या भागापर्यंत जुळायला हवं. शिवाय ही पद्धत फाइल साठवून परत वाचल्यावरही वापरता येते आणि पहिलीला न दिसणारे दोष दाखवते. माझ्या आवडीचं एक उदाहरण सांगतो. वेळेची रांग बनवताना `np.arange(fs) / fs` ऐवजी अनेक जण `np.linspace(0, 1, fs)` लिहितात. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्यात शेवटचा क्षणही मोजला जातो, त्यामुळे दोन सॅम्पलमधलं अंतर एक भागिले ४८,००० न राहता एक भागिले ४७,९९९ होतं. ती फाइल ४८,००० च्या गतीने वाजवली की सूर १००० ऐवजी १०००.०२ हर्ट्झचा निघतो. हा फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही. पहिली तपासणीही काही बोलणार नाही, कारण शक्ती जवळपास तीच आहे. पण फाइल वाचून, वेळेची योग्य रांग घेऊन १००० हर्ट्झची लाट बसवली तर ती सेकंदाच्या दोन्ही टोकांना किंचित निसटते आणि सुराचा छोटासा अंश खरखरीत जमा होतो. १० डेसिबलच्या मिश्रणात तो लपून जातो, फरक ०.०६ डेसिबलचाच पडतो. मात्र ४० डेसिबलची फाइल बनवली असेल तर खरी खरखर एवढी थोडी असते की हा अंशच तिच्यावर मात करतो आणि उत्तर २८ डेसिबल येतं. तपासणी सोप्या आकड्यावर करून थांबू नये ते यासाठीच. ज्या टोकापर्यंत फाइली बनवायच्या आहेत त्या टोकालाही ती करून पाहावी.

तिसरी वाट वर्णपटाची. `np.fft.rfft` मिश्रणाचे वारंवारतेनुसार कप्पे पाडतं. एक सेकंदाच्या आवाजात दर हर्ट्झला एक कप्पा मिळतो. आलेख काढला की १००० वर एक उंच सुळका दिसतो आणि खाली खरखरीचा सपाट थर. सुळका थरापासून किती उंच आहे हे मोजलं तर येतात जवळपास ५४ डेसिबल, आणि मोजणारा गोंधळतो, कारण आपण तर दहाच मागितले होते.

आलेख खोटं सांगत नाही. सुराची सगळी शक्ती एकाच कप्प्यात आहे, तर खरखरीची शक्ती शून्यापासून २४,००० हर्ट्झपर्यंतच्या २४,००० कप्प्यांत विभागली गेली आहे. एका कप्प्याच्या वाट्याला तिचा चोवीस हजारावा भाग येतो, आणि २४,००० पट म्हणजे ४३.८ डेसिबल. ते आपल्या दहात मिळवले की ५३.८. तोच सूर, तीच खरखर दहा सेकंद घेतली तर कप्पे दहापट होतात आणि सुळका ६३.८ डेसिबल उंच दिसतो, कानाला मात्र काहीच वेगळं ऐकू येत नाही. वर्णपटातून खरं गुणोत्तर हवं असेल तर सुराचा कप्पा सोडून बाकीच्या सगळ्या कप्प्यांची बेरीज करावी लागते:

```python
P = 2 * np.abs(np.fft.rfft(x))**2 / len(x)**2
print(10 * np.log10(P[1000] / (P.sum() - P[1000])))
```

आता पुन्हा दहा येतात. यासाठी सुराची आवर्तनं पूर्ण संख्येत बसलेली असायला हवीत. १०००.५ हर्ट्झचा सूर असेल तर तो शेजारच्या कप्प्यांत सांडतो आणि हा हिशेब साफ कोसळतो.

हा कप्प्यांचा मुद्दा चाचणीच्या मुळाशी जाऊन भिडतो. खरखरीची शक्ती पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते हे नायक्विस्ट यांच्या गणितातच आहे. म्हणून पट्टा न सांगता दिलेला डेसिबलचा आकडा अर्धवट असतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. आपलं मिश्रण तेवढ्याच पट्ट्यातून गाळून घेतलं तर सूर जसाच्या तसा राहतो, पण खरखरीतला ३१०० भागिले २४,००० एवढाच हिस्सा, म्हणजे जेमतेम १३ टक्के, पलीकडे जातो. गुणोत्तर आपोआप १८.९ डेसिबल होतं. एखाद्या नॉइज घालवणाऱ्या प्रोग्रॅमने काही न करता नुसता हा पट्टा लावला तरी तो ‘जवळजवळ ९ डेसिबलची सुधारणा’ दाखवू शकतो. म्हणून फाइलवरच्या चिठ्ठीत ‘१० डेसिबल’ च्या शेजारी ‘० ते २४,००० हर्ट्झ’ हेही लिहावं, आणि प्रोग्रॅम ज्या पट्ट्यात काम करतो त्याच पट्ट्यात आधी आणि नंतर मोजावं.