दोन नोकऱ्या, एक निवृत्तिवेतन : जपानमधील व्यवस्था

एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणारा कामगार सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांना नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. हे कायदे लिहिले गेले तेव्हा एक कामगार, एक मालक आणि एक पगारपत्रक एवढेच चित्र डोळ्यांपुढे होते. कामगार दोन दारांतून आत येऊ लागला, की वर्गणी कोणी किती भरायची, सेवाकाळ कसा मोजायचा आणि म्हातारपणी हाती पडणारी रक्कम एक असावी की दोन, असे प्रश्न उभे राहतात. जपानने या प्रश्नांना बऱ्यापैकी नेमके उत्तर दिले आहे. त्या उत्तरात एक मोठी फटही राहून गेली आहे.

जपानमधील निवृत्तिवेतन दुमजली आहे. खालचा मजला सर्व रहिवाशांसाठी असून तेथील रक्कम केवळ वर्गणीच्या महिन्यांवर ठरते. 480 महिने भरले की पूर्ण रक्कम मिळते. वरचा मजला पगारदारांचा असून त्याला ‘कोसेई नेन्किन’ म्हणतात. तेथे पगाराच्या 18.3 टक्के वर्गणी जमा होते व तिचा भार मालक आणि कामगार निम्मा निम्मा उचलतात. वर्गणी प्रत्यक्ष पगारावर न आकारता पगार ज्या टप्प्यात बसतो त्या टप्प्याच्या ‘प्रमाणित वेतना’वर आकारली जाते. सप्टेंबर 2020 पासून सर्वांत वरचा टप्पा मासिक साडेसहा लाख येनचा आहे. 2025 च्या सुधारणा कायद्यानुसार तो 2027 पासून पायरीपायरीने वाढावयाचा आहे.

एखादा कामगार दोन आस्थापनांत या योजनेस पात्र ठरला, तर त्याने दहा दिवसांच्या आत निवृत्तिवेतन कार्यालयाकडे सूचना द्यावयाची असते. तीत दोहोंपैकी मुख्य आस्थापना कोणती, हेही त्यानेच निवडायचे असते. त्यानंतर कार्यालय दोन्ही पगारांची बेरीज करते, त्या बेरजेवरून एकच प्रमाणित वेतन ठरविते आणि येणारी वर्गणी दोन्ही मालकांत पगारांच्या प्रमाणात वाटून देते.

एक उदाहरण घेऊ. एका कामगारास पहिल्या ठिकाणी 1,80,000 व दुसऱ्या ठिकाणी 1,20,000 येन मिळतात. बेरीज 3,00,000 होते आणि प्रमाणित वेतनही तेवढेच ठरते. एकूण वर्गणी 54,900 येन होते. तिचे तीनास दोन या प्रमाणात वाटप केल्यावर पहिल्या आस्थापनेच्या वाट्याला 32,940 व दुसरीच्या वाट्याला 21,960 येन येतात. प्रत्येक वाट्याचा अर्धा भाग कामगाराच्या पगारातून कापला जातो व उरलेला अर्धा त्या त्या मालकाने भरायचा असतो.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. एप्रिल 2003 नंतरच्या काळासाठी वरच्या मजल्याचे सूत्र सरळ आहे : सरासरी प्रमाणित वेतन गुणिले हजारी 5.481 गुणिले महिने. दहा वर्षे म्हणजे 120 महिने हीच स्थिती राहिली, तर पुढील काळातील मूल्यसमायोजन बाजूला ठेवून वर्षाला 1,97,316 येन होतात. केवळ पहिली नोकरी धरली असती, तर 1,18,390 येन झाले असते. वर्षाला सुमारे 79 हजार येनची भर दुसऱ्या नोकरीने घातली. येथे महिने मात्र दुप्पट होत नाहीत. एका महिन्यात दोन नोकऱ्या केल्या तरी तो महिना एकच. वाढते ते वेतन. साहजिकच खालच्या मजल्यावर दुसऱ्या नोकरीमुळे एक येनही वाढत नाही.

सूत्र असे सरळ गुणाकाराचे असेल, तर दोन पगार वेगळे ठेवले काय किंवा एकत्र केले काय, निवृत्तिवेतन जवळपास सारखेच येणार, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. बेरजेचा खरा उपयोग कमाल मर्यादेपाशी दिसतो. दोन कंपन्यांकडून पाच लाख व तीन लाख येन घेणाऱ्या व्यवस्थापकाची बेरीज आठ लाख होते. पण वर्गणी साडेसहा लाखांवरच लागते व ती पाचास तीन या प्रमाणात वाटली जाते. अमेरिकेत प्रत्येक मालक आपापल्या पगारावर मर्यादेपर्यंत स्वतंत्र वर्गणी कापतो. वर्षअखेर कामगाराला जादा कपात आयकरात परत मिळते, मालकाला मात्र आपला जादा हिस्सा मिळत नाही. जपानी पद्धत मालकांच्या दृष्टीने अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

व्यवहारात घोळ होतो तो सूचनेपाशी. ती देण्याची जबाबदारी मालकांवर नसून कामगारावर आहे आणि अनेकांना तिची कल्पनाच नसते. मग दुसरा मालक आपल्यापुरती स्वतंत्र नोंद करून मोकळा होतो. एकाच निवृत्तिवेतन क्रमांकावर दोन नोंदी दिसल्या की कार्यालय विचारणा करते आणि मागील महिन्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. याउलट नोंदच झाली नसेल, तर वसुलीची मुदत दोन वर्षांचीच असल्याने त्यापूर्वीचे महिने बहुधा हातचे जातात. तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे दरवर्षी जन्ममहिन्यात येणारे निवृत्तिवेतनाचे टिपण. त्यातील प्रमाणित वेतन एकाच पगाराशी जुळत असेल, तर दुसरी नोकरी हिशेबात आलेली नाही, असे समजावे.

आणखी एक अडचण नाजूक आहे. वाटपाची माहिती दोन्ही मालकांकडे जात असल्याने दुसरी नोकरी लपून राहत नाही. सरकारने जानेवारी 2018 मध्ये आदर्श सेवानियमांतून जोडनोकरीवरील बंदी काढून टाकली खरी. तरी आपल्या मालकाला हे कळू नये, असे वाटणारे कामगार असणारच.

आरंभी उल्लेखिलेली फट याहून गंभीर आहे. अल्पवेळ कामगार पात्र ठरण्यासाठी आठवड्याला किमान वीस तास काम ही अट असते आणि हे तास प्रत्येक आस्थापनेत वेगळे मोजले जातात. पगारांची बेरीज होते, तासांची होत नाही. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात पंधरा तास आणि साफसफाईच्या कंपनीत पंधरा तास राबणारी स्त्री आठवड्याला तीस तास काम करूनही कोठेच पात्र ठरत नाही. तिला केवळ खालचा मजला मिळतो आणि दोन्ही मालक आपल्या निम्म्या वर्गणीतून सुटतात. तेच तीस तास एका ठिकाणी केले असते, तर तिला वरच्या मजल्यावर जागा मिळाली असती. तास जोडणे अशक्य आहे, असेही नाही. बेरोजगारी विम्यात जानेवारी 2022 पासून पासष्टीपुढील कामगारांना दोन ठिकाणचे तास एकत्र धरून विमा घेता येतो. तेथेही अर्ज कामगारानेच करायचा असतो. निवृत्तिवेतनात हा मार्ग उघडलेला नाही.

भारतातील वाचकाला यातून आपल्या 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेकडे पाहता येईल. आपले सूत्र निवृत्तिवेतनार्ह वेतन गुणिले सेवावर्षे भागिले सत्तर असे आहे. वेतनाची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये ठरविण्यात आली आणि वेतनाची सरासरी अखेरच्या साठ महिन्यांची धरली जाऊ लागली. त्यामुळे एका नोकरीचा पगारच या मर्यादेला पोचला, की दुसरीला निवृत्तिवेतनात जागा उरत नाही. तिचा लाभ भविष्य निर्वाह निधीच्या शिलकीपुरता राहतो. शिवाय चाळिशीत केलेली दुसरी नोकरी अखेरच्या साठ महिन्यांच्या सरासरीत दिसतच नाही, तर जपानात ती हयातभराच्या सरासरीत कायम राहते. नोंदीच्या पातळीवर आपल्याकडे अलीकडे एक सुधारणा झाली. दोन सेवांच्या तारखा एकमेकींवर येतात, एवढ्याच कारणावरून खाते हस्तांतराचे अर्ज फेटाळले जात असत. मे 2025 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने आपल्या कार्यालयांना तसे न करण्याची सूचना दिली.