एम १० च्या पोटातले तीन व्यास

हार्डवेअरच्या दुकानातून एम १० चा एक बोल्ट आणि त्याचा नट आणा. व्हर्नियरच्या जबड्यात बोल्टचे आटे धरले तर माप भरेल साधारण ९.८ ते ९.९ मिलीमीटर. नटाच्या भोकात आतून माप घेतलं तर साडेआठच्या आसपास. ज्या दहावरून या जोडीला नाव मिळालं, तो दहा दोघांतही सापडत नाही. दुकानदाराने फसवलं असं समजू नका, माल बरोबर आहे. दहा हा आकडा ड्रॉइंगवरचा आहे. त्यावरून बाकीची मापं काढायची असतात आणि ती काढायला दहावीची भूमिती पुरते.

आधी एक घोळ मिटवू. गॅरेजमध्ये या बोल्टला ‘सतरा नंबरचा पाना’ लागतो. नव्या मापाच्या बोल्टला सोळाचा लागतो. तो आकडा बोल्टच्या डोक्याचा आहे, आट्यांशी त्याचा काही संबंध नाही. ‘एम’ म्हणजे मेट्रिक आणि १० म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास, ज्याला कारखान्यात मेजर डायमीटर म्हणतात.

नावात न लिहिलेली एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पिच. एका आट्याच्या शेंड्यापासून शेजारच्या आट्याच्या शेंड्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. एम १० च्या पुढे काहीच लिहिलं नसेल तर आटे जाड, म्हणजे कोर्स पिचचे, असा संकेत आहे. बारीक आटे हवे असतील तर ‘एम १० × १.२५’ असं स्पष्ट लिहावं लागतं. कोर्स पिच मात्र कुठल्याही सूत्रातून निघत नाही, ती पाठच असावी लागते: एम ६ ला १, एम ८ ला १.२५, एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २. आयटीआयमध्ये फिटर किंवा टर्नर शिकलेल्या माणसाला हे पाढ्यासारखं येतं. पाठांतर एवढंच, यापुढचं सगळं कागदावर मांडता येतं.

आता बोल्ट लांबीत मधोमध कापल्याची कल्पना करा. कडेला करवतीच्या दातांसारखी रांग दिसेल. प्रत्येक दात मुळात एक समभुज त्रिकोण आहे. त्याचे तिन्ही कोन ६० अंशांचे आणि पाया पिचएवढा, म्हणजे आपल्या बोल्टमध्ये १.५ मिलीमीटर. हा ६० अंशांचा कोन पहिल्यापासूनचा नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता आणि त्याचे शेंडे गोल होते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंश आणि सपाट शेंडा मांडला, कारण असा आटा साध्या कारखान्यातही पाडायला आणि तपासायला सोपा जातो. आजच्या मेट्रिक आट्यात सेलर्सचा तोच कोन आहे.

समभुज त्रिकोणाची उंची पायाच्या ०.८६६ पट असते. वर्गमूळ तीन भागिले दोन, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. दीड गुणिले ०.८६६ केले की १.२९९ मिलीमीटर येतात. ही झाली अख्ख्या टोकदार त्रिकोणाची उंची. पण सुईसारखा शेंडा कुणी ठेवत नाही. तो हाताळतानाच मोडतो आणि बोटालाही लागतो. म्हणून या उंचीचे आठ समान भाग करायचे, वरचा एक भाग उडवायचा आणि तळाचे दोन भाग भरून टाकायचे. मधे उरलेले पाच भाग हा खरा आटा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा म्हणजे हे आठ भाग. ते एकदा डोळ्यांसमोर आले की टेबलात दिसणारे ०.६४९५ आणि १.०८२५ हे आकडे आपोआप उलगडतात.

एकेक करून पाहू. शेंडा उडवल्यावर जो सपाट माथा राहिला, त्याचा व्यास १०. तिथून पाच भाग खाली उतरलं की तळ येतो. एक भाग म्हणजे १.२९९ चा आठवा हिस्सा, ०.१६२४ मिलीमीटर. पाच भागांचे ०.८१२ होतात. व्यासात उतरण दोन्ही बाजूंनी होते, म्हणून त्याची दुप्पट, १.६२४, दहातून वजा करायची. उत्तर ८.३७६. हा तळाचा व्यास, म्हणजे मायनर डायमीटर. पिचच्या १.०८२५ पट वजा करा असं टेबलात लिहिलेलं असतं ते हेच: ०.८६६ चे पाच-अष्टमांश आणि त्याची दुप्पट.

पिच डायमीटर त्याहून नाजूक आहे, कारण तो बोल्टवर बोट ठेवून दाखवता येत नाही. ज्या उंचीवर आट्याची जाडी आणि दोन आट्यांमधली खाच अगदी सारख्या रुंदीच्या होतात, तिथून जाणाऱ्या काल्पनिक नळकांड्याचा हा व्यास. टोकदार त्रिकोणाच्या बरोबर निम्म्या उंचीवर हे घडतं, म्हणजे वरून चार भाग उतरल्यावर. त्यातला एक भाग आपण आधीच उडवला आहे, तेव्हा माथ्यापासून उतरायचे राहतात तीन. तीन भागांचे ०.४८७, दुप्पट ०.९७४, आणि दहातून वजा करून ९.०२६. नट आणि बोल्ट एकमेकांना टेकतात ते आट्यांच्या तिरप्या बाजूंवर, आणि त्या बाजू कुठे आहेत हे फक्त पिच डायमीटर सांगतो. बाहेरचा व्यास जरा कमी भरला तरी जोडी नीट चालते. पिच डायमीटर एक दशांश मिलीमीटरने चुकला तर नट चढतच नाही किंवा खडखडतो.

तळाच्या व्यासाचा उपयोग भोक पाडताना होतो. टॅप मारायच्या आधी ड्रिल कितीचं घ्यायचं? वर्कशॉपमधला नियम आहे की व्यासातून पिच वजा करा. दहातून दीड गेले, साडेआठ. हा नियम आपल्या ८.३७६ पेक्षा जरा मोठं भोक देतो आणि ते मुद्दाम आहे. नेहमीच्या ६एच प्रतीच्या नटात हा व्यास ८.३७६ पासून ८.६७६ पर्यंत चालतो, साडेआठ त्या पट्ट्यात आरामात बसतं आणि पूर्ण आट्याच्या ९२ टक्के उंची तरीही मिळते. ८.३ चं ड्रिल घेतलं तर टॅपला जास्त धातू कापावा लागतो. तो अडकतो आणि भोकातच मोडतो. मोडलेला टॅप बाहेर काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होऊन बसतं. उलट बाजूला, ड्रिलने भोक मोठं करून ८.८ केलं तर टॅप लोण्यासारखा फिरतो, बोल्टही चढतो आणि कुणाला काही कळत नाही. आटा मात्र तीन चतुर्थांशाहून जरा कमी उरलेला असतो. अशा भोकात साधं ८.७ चं प्लग गेज घालून पाहायचं. ते आत गेलं तर भोक बाद.

इथपर्यंतचा तळाचा व्यास नटाचा होता. बोल्टच्या तळाला टोकदार कोपरा ठेवला तर बोल्ट तिथूनच तुटायला लागतो, म्हणून तिथे गोलाई देतात. ती गोलाई खाचेत आणखी खोल उतरते आणि बोल्टचा तळ ८.१६० वर जातो. मघाच्या आठ भागांच्या हिशेबात हा आकडा बसत नाही, याची नोंद हवी. बोल्टवर आटा दहापासून ०.९२ मिलीमीटर खोल असतो, नटात ०.८१. ताकदीचा हिशेबही इथूनच होतो. पिच डायमीटर आणि बोल्टचा हा तळ यांची सरासरी घेऊन क्षेत्रफळ काढलं की ५८ चौरस मिलीमीटर येतं. कुणी भाबडेपणाने दहाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ घेतलं तर ७८.५ येतं, म्हणजे बोल्ट एक तृतीयांशाहून जास्त मजबूत असल्याचा भास. डोक्यावर ८.८ कोरलेला एम १० साधारण ४६ किलोन्यूटन ताणाला तुटतो, आणि तो आकडा त्या ५८ वरून येतो.

०.९२ आणि ०.८१ यांची अदलाबदल झाली की काय होतं ते मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाहिलं. लेथवर एम १० चे स्टड काढणं चालू होतं. रॉड ९.८५ वर आणला होता, ते योग्यच होतं, कारण बोल्टचा बाहेरचा व्यास ९.७३ पासून ९.९७ पर्यंत चालतो. आटे सुबक दिसत होते, पिच गेज दातात चपखल बसत होतं. तरी नट पहिल्याच फेऱ्यात अडकायचा. तरुण कारागीर पुन्हा पुन्हा बाहेरचा व्यास मोजत होता आणि तो दर वेळी बरोबर येत होता. शेवटी त्याने काकांना हाक मारली.

काकांनी कपाटातून तीन बारीक, गुळगुळीत तारा काढल्या, प्रत्येकी ०.८६६ मिलीमीटर जाडीच्या. या जाडीची तार दीडच्या पिचच्या खाचेत ठेवली की बरोबर पिच डायमीटरच्या रेषेवर दोन्ही बाजूंना टेकते. एका बाजूला दोन आणि समोर एक अशा तारा ठेवून त्यांच्यावरून मायक्रोमीटरने माप घ्यायचं. त्यात तिन्ही तारांची जाडी मिळून २.५९८ वजा करायची आणि त्रिकोणाची उंची १.२९९ परत मिळवायची. म्हणजे थेट १.२९९ वजा केले तरी चालतं.

मायक्रोमीटरवर १०.३९५ आले. पिच डायमीटर ९.०९६. नेहमीच्या ६जी प्रतीच्या बोल्टला हा व्यास ८.८६२ ते ८.९९४ मध्ये हवा. नटासाठी सांगितलेल्या ९.०२६ च्याही थोडा खाली, म्हणजे फिरायला जागा राहते. इथे तो वरच्या मर्यादेपेक्षा एक दशांशाने जास्त होता.

“खोली किती दिलीस?” काकांनी विचारलं.

“टेबलात बघून दिली, काका. ऐंशी-एक.”

“ती नटाची आहे रे.”

टूलचं टोक मापाप्रमाणे गोल केलेलं होतं, चूक फक्त खोलीची होती. काकांनी खिशातल्या वहीत हिशेब केला. पिच डायमीटर ०.१६ ने उतरवायचा तर टूल निम्म्याने आत, ०.०८. एकूण खोली ०.८९ झाली. ०.९२ इतकी लागली नाही, कारण रॉड दहाऐवजी ९.८५ पासून सुरू झाला होता. त्या मुलाने टूल पुन्हा त्याच खाचेत धरून दोन हलके कट घेतले. तारा लावल्या, मायक्रोमीटरवर १०.२३५ आले, पिच डायमीटर ८.९३६. नट हातात घेऊन त्याने बोटाने फिरवला, तो स्टडच्या शेवटापर्यंत गेला.